पावतीवरची 'पुढील बिल तारीख' दर महिन्याला सरकते आहे? दोष कुठे आहे ते असं शोधा

महिन्याचे पैसे घेऊन सेवा देणाऱ्या छोट्या ऑफिसात हा फोन ठरलेला असतो. "अहो, माझी तारीख पंधरा होती, पावतीवर दहा कशी आली?" ब्रॉडबँडवाल्याकडे येतो, अभ्यासिकेत येतो, जिममध्ये येतो. काउंटरवरचा माणूस शीट उघडतो, त्या एका ग्राहकाची तारीख हाताने दुरुस्त करतो, दोन शब्द गोड बोलतो आणि फोन ठेवतो. पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कुणाचा तरी तोच फोन. हाताने केलेली दुरुस्ती टिकत नाही, कारण बिघाड त्या ग्राहकाच्या ओळीत नसून पुढची तारीख कुठून मोजायची या पद्धतीत असतो.

मी तालुक्याच्या गावांतल्या ब्रॉडबँड ऑफिसांचे हिशेब पाहतो, त्यामुळे उदाहरणं तिथलीच आहेत. पण एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये ग्राहकांची यादी ठेवून व्हॉट्सॲपवर पावती पाठवणाऱ्या कुणालाही हे लागू पडेल. ज्यांच्याकडे बिलिंगचं तयार सॉफ्टवेअर आहे त्यांनीही शेवटचे भाग वाचावेत. सॉफ्टवेअर तारीख बरोबर काढतं, पण कोणती पावती कधी पाठवायची हे माणूसच ठरवतो.

आधी दोष ओळखा

तक्रार करणारा एक ग्राहक घ्या. त्याच्या मागच्या पाच-सहा पावत्यांवरच्या 'पुढील बिल तारखा' एका ओळीत लिहा आणि प्रत्येकीखाली त्याने पैसे प्रत्यक्ष कोणत्या दिवशी भरले ते लिहा. एवढं केलं की दोष बहुतेक वेळा डोळ्यांनीच दिसतो.

दोन तारखांमधलं अंतर प्रत्येक वेळी बरोबर तीस दिवस असेल, तर शीटमध्ये कुणीतरी `+30` टाकलं आहे. पुढची तारीख पैसे भरलेल्या दिवसाच्या मागेपुढे नाचत असेल, तर मोजणी भरण्याच्या दिवसापासून होते आहे. तारीख वर्षभर ३० किंवा ३१ होती आणि फेब्रुवारीनंतर २८ वर जाऊन तिथेच चिकटली, तर प्रत्येक महिन्याची तारीख आधीच्या महिन्यावरून काढली जाते आहे. आणि तारीख एकदम कित्येक महिने मागे किंवा पुढे उडाली असेल, तर दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली आहे.

एकाच ऑफिसात हे दोष एकत्रही सापडतात. सकाळी बसणारी मुलगी एका पद्धतीने मोजते, संध्याकाळी बसणारा मुलगा दुसऱ्या. मग पावत्या पाहून काहीच कळत नाही आणि ग्राहकाला वाटतं, हे मुद्दाम दिवस खातात.

तीस दिवस म्हणजे महिना नव्हे

१५ जानेवारी २०२५ ला जोडणी घेतलेला ग्राहक घ्या. दर वेळी तीस दिवस मिळवत गेलं तर पुढच्या तारखा १४ फेब्रुवारी, १६ मार्च, १५ एप्रिल, १५ मे, १४ जून अशा येतात. इथवर फरक इतका किरकोळ असतो की कुणी बोलत नाही. पण बारा वेळा पैसे भरून झाल्यावर तारीख येते १० जानेवारी २०२६. बारा महिन्यांचे पैसे दिले आणि ३६० दिवस मिळाले. ज्याची तारीख पगाराच्या आसपास होती, त्याचं बिल आता पगाराच्या आधी येऊन उभं राहतं, आणि फोन येतो तो तेव्हा.

तीस दिवसांचा प्लॅन विकायला काहीच हरकत नाही. मोबाइलवाले वर्षानुवर्षं २८ दिवसांचा रिचार्ज विकत आलेच आहेत. जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने त्यांना सांगितलं की निदान एक प्लॅन ३० दिवसांचा ठेवा आणि एक असा ठेवा की जो दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होईल. ती तारीख त्या महिन्यात नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरा. त्यामुळे ग्राहकाला हा फरक आता चांगला कळतो. तुमच्या दरपत्रकावर 'मासिक' लिहिलं असेल तर तारीख तीच राहिली पाहिजे. '३० दिवस' लिहिलं असेल तर ती सरकेल, पण मग पावतीवरही 'मासिक' न लिहिता '३० दिवस' असंच लिहा.

पैसे भरलेल्या दिवसापासून मोजणी

हा दोष सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत जास्त नुकसान करतो. पैसे आले की काउंटरवरचा माणूस आजची तारीख धरतो आणि तिथून महिना मोजतो. जो ग्राहक लग्नाला गावी जायचं म्हणून चार दिवस आधी पैसे भरतो, त्याचे चार दिवस जातात. जो आठ दिवस उशिरा भरतो आणि ओळखीमुळे ज्याची लाइन चालूच ठेवलेली असते, त्याला आठ दिवस फुकट मिळतात. चांगल्या ग्राहकाला दंड आणि उशिरा भरणाऱ्याला बक्षीस, असा हा प्रकार आहे. काही महिन्यांत वेळेवर भरणारेसुद्धा शेवटच्या दिवसाची वाट पाहू लागतात आणि मग वसुली बिघडल्याची तक्रार मालकच करतो.

पैसे कधी आले आणि ते कोणत्या काळासाठी आले, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिली बँकेच्या खातेउताऱ्यावरून येते, दुसरी आधीचा काळ जिथे संपला तिथून. पावतीवर दोन्ही असायला हव्यात आणि पुढील बिल तारीख फक्त दुसरीवरून काढायला हवी.

महिनाअखेरच्या तारखा

३१ जानेवारीला जोडलेल्या ग्राहकाची पुढची तारीख २८ फेब्रुवारी येते, हे बरोबरच आहे. बिघडतं त्यानंतर. शीटमध्ये पुढची तारीख आधीच्या तारखेवरून काढली असेल तर २८ फेब्रुवारीनंतर २८ मार्च येतो, मग २८ एप्रिल. शीटला मूळ तारीख ३१ होती हे आठवतच नाही. फेब्रुवारीने कापलेले दिवस परत मिळत नाहीत.

यावर उपाय एकच आहे. जोडणीची मूळ तारीख एका रकान्यात कायमची ठेवायची, तिला हात लावायचा नाही, आणि प्रत्येक वेळी मोजणी तिथूनच करायची. समजा `B` रकान्यात मूळ तारीख आहे आणि `C` रकान्यात आजवर एकूण किती महिन्यांचे पैसे पूर्ण जमा झाले तो आकडा आहे. मग `D` रकान्यात पुढील बिल तारीख अशी:

```
=EDATE($B2,$C2)
```

मूळ तारीख ३१ जानेवारी २०२५ असेल, तर `C` मध्ये १ असताना उत्तर २८ फेब्रुवारी येतं, २ असताना ३१ मार्च, ३ असताना ३० एप्रिल, ४ असताना ३१ मे. फेब्रुवारीत तारीख खाली येते आणि मार्चमध्ये आपोआप जागेवर जाते. ग्राहकाने तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले तर `C` मध्ये तीन मिळवायचे. तो लवकर भरो वा उशिरा, तारखेवर परिणाम होत नाही, कारण भरण्याचा दिवस या सूत्रात कुठे येतच नाही.

हे सूत्र टाकल्यावर एक्सेलमध्ये कधी कधी तारखेऐवजी `45716` असा आकडा दिसतो. घाबरू नका, ती २८ फेब्रुवारी २०२५ च आहे. रकान्याला तारखेचं फॉरमॅट द्यायचं राहिलं आहे. मात्र मेसेजचा मजकूर सूत्राने जोडत असाल तर फॉरमॅट देऊनही तोच आकडा मजकुरात जातो, आणि अशा पावत्या ग्राहकांच्या हातात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. तिथे असं लिहा:

```
="पुढील बिल तारीख: "&TEXT(D2,"dd-mmm-yyyy")
```

दिवस आणि महिन्याची अदलाबदल

महिना अक्षरांत आला की आणखी एक भानगड मिटते. `05/06/2025` म्हणजे आपल्यासाठी ५ जून. पण शीटची मांडणी अमेरिकेची असेल तर तिच्यासाठी ती ६ मे आहे. गूगल शीटमध्ये `File` मध्ये `Settings` उघडा आणि `Locale` मध्ये `India` आहे का ते पाहा. नवी शीट उघडताना किंवा दुसऱ्याने पाठवलेली शीट वापरताना हे हमखास चुकलेलं असतं.

हा दोष फसवा आहे, कारण तो सगळ्या ग्राहकांना लागत नाही. दिवस १ ते १२ च्या दरम्यान असेल तेव्हाच अदलाबदल होते. १३ पासून पुढच्या तारखा शीटला तारीख म्हणून कळतच नाहीत, त्या साधा मजकूर म्हणून पडून राहतात आणि सूत्र `#VALUE!` दाखवतं. म्हणून काही ओळींत चूक आणि काही ओळींत भलतीच तारीख असं एकाच वेळी दिसलं तर सरळ मांडणी तपासायला जा. मजकूर झालेली तारीख रकान्यात डावीकडे चिकटलेली दिसते, खरी तारीख उजवीकडे. खात्री करायची तर बाजूच्या रिकाम्या रकान्यात हे टाका. `FALSE` आलेल्या ओळी हाताने पुन्हा भराव्या लागतील:

```
=ISNUMBER(B2)
```

मांडणी बदलल्याने आधीच उलट्या वाचल्या गेलेल्या तारखा सुलट होत नाहीत, हेही लक्षात ठेवा. १ ते १२ दिवसांच्या सगळ्या मूळ तारखा जोडणीच्या फॉर्मवरून एकदा ताडून घ्याव्याच लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून पुढे गेलात तर बाकीची सगळी मेहनत चुकीच्या तारखेवर उभी राहते.

एक प्रकरण पूर्ण पाहू

एका मेडिकल दुकानाची जोडणी ३१ जानेवारी २०२५ ची. प्लॅन ४९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५८८.८२, म्हणजे महिन्याला ५८९ रुपये. जोडणीच्या दिवशी पैसे भरले, पावतीवर पुढची तारीख २८ फेब्रुवारी आली. ठीक.

२८ फेब्रुवारीला दुकानदाराने पैसे भरले. शीटने आधीच्या तारखेवरून महिना मोजला आणि पावतीवर २८ मार्च आला. यायला हवा होता ३१ मार्च. तीन दिवस गेले, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. २८ मार्चला त्याने सांगितल्याप्रमाणे भरले, पावतीवर २८ एप्रिल. यायला हवा होता ३० एप्रिल. मग एप्रिलमध्ये त्याला बाहेरगावी जायचं होतं म्हणून त्याने २५ तारखेलाच पैसे पाठवले. त्या दिवशी काउंटरवर नवा मुलगा होता, त्याने भरण्याच्या दिवसात तीस मिळवले आणि पावतीवर २५ मे लिहिलं. बरोबर तारीख होती ३१ मे.

२५ मेला लाइन बंद झाली. दुकानदाराचं म्हणणं साधं होतं: जानेवारीच्या शेवटच्या दिवशी जोडणी घेतली, चार महिन्यांचे पैसे दिले, चारही वेळा वेळेवर किंवा आधी दिले, मग मे संपायच्या आत लाइन कशी जाते? त्याचं बरोबर होतं. सहा दिवस कमी मिळाले होते. ५८९ ला ३१ ने भागलं तर दिवसाचे १९ रुपये होतात, म्हणजे ११४ रुपयांची सेवा. रक्कम मोठी नाही. पण औषधाच्या दुकानात कार्डाचं मशीन आणि बिलाचं सॉफ्टवेअर त्या लाइनवर चालतं, आणि तो माणूस रांगेतल्या गिऱ्हाइकांसमोर उभा होता.

मूळ तारीख `B` मध्ये आणि ४ हा आकडा `C` मध्ये टाकल्यावर ३१ मे ही तारीख लगेच आली. लाइन चालू केली, दुरुस्त पावती पाठवली. त्यानंतर त्या ऑफिसातली सगळी यादी याच पद्धतीने पुन्हा मांडली, आणि २९, ३०, ३१ तारखेच्या जवळजवळ प्रत्येक ग्राहकाचा थोडाफार हिशेब चुकलेला निघाला.

मूळ तारीख खरोखर बदलते तेव्हा

प्रीपेड सेवेत एक अपवाद आहे. ग्राहकाने पैसे भरले नाहीत, लाइन बंद झाली, दहा दिवसांनी त्याने पुन्हा सुरू करायला सांगितलं. त्या दहा दिवसांचे पैसे तुम्ही घेत नसाल तर नवा काळ पुन्हा सुरू झालेल्या दिवसापासूनच धरायला हवा. इथे `B` मध्ये नवी तारीख टाका, `C` पुन्हा १ पासून मोजा, आणि जुनी मूळ तारीख शेजारच्या रकान्यात जपून ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पावतीवर एक ओळ लिहा: '१० ते १९ जून सेवा बंद होती, म्हणून यापुढे बिल तारीख २० राहील.' ही ओळ नसली की बरोबर हिशेबसुद्धा ग्राहकाला चुकीचा वाटतो.

लाइन बंद केली नव्हती, सेवा चालूच होती, तर मात्र तारीख हलवायची नाही. उशिरा भरले म्हणून काही ती पुढे जात नाही.

ज्यांना हा सगळा व्याप नको असेल त्यांनी सगळ्या ग्राहकांची बिल तारीख १ करून टाकावी. पहिल्या वेळी तुटक दिवसांचे पैसे घ्यायचे. १८ जूनला जोडणी झाली तर ३० जूनपर्यंत १३ दिवस होतात, ५८९ च्या हिशेबाने २५५ रुपये. त्यानंतर दर महिन्याची १ तारीख. महिनाअखेरचा प्रश्न यात उरतच नाही. तोटा एवढाच की सगळी वसुली आणि सगळे फोन पहिल्या आठवड्यात कोसळतात. काउंटरवर एकच माणूस असेल तर मी हे सुचवणार नाही.

स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले असं नाही

पावत्या उलट्यासुलट्या होण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे घाई. ग्राहक व्हॉट्सॲपवर यूपीआयचा स्क्रीनशॉट टाकतो आणि काउंटरवरून लगेच पावती जाते. पुढे कळतं की तो व्यवहार अडकलेला होता, किंवा ती मागच्या महिन्याचीच प्रतिमा होती, किंवा पैसे दुसऱ्याच दुकानाच्या क्यूआरवर गेले होते. मग पावती रद्द करा, तारीख मागे आणा, ग्राहकाशी वाद घाला.

इथे दोन मेसेज वेगळे ठेवा. पहिला लगेच पाठवायचा आणि त्यात फक्त निरोप पोहोचल्याचं सांगायचं:

> नमस्कार. आपण पाठवलेला ५८९ रुपयांचा तपशील मिळाला. रक्कम आमच्या खात्यात जमा झाल्याची खात्री करून आज संध्याकाळपर्यंत पावती पाठवतो.

यात 'पैसे मिळाले' असं लिहायचं नाही आणि पुढची तारीखही द्यायची नाही. दुसरा मेसेज, म्हणजे पावती, खातेउताऱ्यात रक्कम दिसल्यावरच. जुळवताना नावावर जाऊ नका. ५८९ रुपयांच्या दिवसाला अनेक नोंदी असतात, आणि जोडणी सासऱ्यांच्या नावावर व पैसे सुनेच्या खात्यातून, असं सर्रास असतं. यूपीआय व्यवहाराला बारा अंकी क्रमांक असतो, तो ग्राहकाच्या ॲपमध्येही दिसतो आणि तुमच्या उताऱ्यातही. तो जुळला की विषय संपला. शीटमध्ये त्या क्रमांकाचा स्वतंत्र रकाना ठेवला तर तोच स्क्रीनशॉट दुसऱ्यांदा आल्यावर लगेच पकडता येतो. फक्त रकाना मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकाचं पहिलं शून्य गळून पडतं.

ग्राहकाच्या खात्यातून कापले गेले आणि तुमच्याकडे आले नाहीत, असंही होतं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम आपोआप परत जायला हवी: व्यक्तीच्या खात्यावर पाठवली असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराला भरली असेल तर पाच दिवसांत. त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई बँकेने द्यायची आहे. ग्राहकाला हे नीट सांगा आणि लगेच दुसऱ्यांदा भरायचा आग्रह करू नका. विश्वासातला ग्राहक असेल तर त्याची लाइन तेवढे दिवस चालू ठेवा, पण पावती देऊ नका.

पावतीत काय लिहायचं

नुसतं 'पुढील बिल तारीख २८ फेब्रुवारी' लिहिलं की गोंधळ होतो. कुणाला वाटतं २८ ची रात्र धरून सेवा आहे, कुणाला वाटतं २८ च्या आत पैसे गेले पाहिजेत. म्हणून पावतीत काळ 'पासून-पर्यंत' लिहा, पुढील बिल तारीख लिहा आणि पैसे भरण्याची शेवटची तारीख वेगळी लिहा. बिल तारीख म्हणजे काळ संपतो त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख.

> पावती क्र. ४१२
> ग्राहक क्र. १०७
> मिळालेली रक्कम: ५८९ रुपये (यूपीआय, २८ मार्च २०२५ रोजी जमा)
> सेवेचा काळ: ३१ मार्च २०२५ ते २९ एप्रिल २०२५
> बाकी: काही नाही
> पुढील बिल: ३० एप्रिल २०२५, रक्कम ५८९ रुपये
> भरण्याची शेवटची तारीख: ३ मे २०२५

तुमच्या सेवेचं पॅनल कंपनीचं असेल आणि तिथे लाइन आपोआप बंद होत असेल, तर पॅनलवरची मुदत आणि पावतीवरची तारीख एकदा समोरासमोर ठेवून पाहा. पॅनल त्या तारखेचा दिवस सुरू होतानाच लाइन बंद करतं की दिवस संपल्यावर, यावर एका दिवसाचा फरक पडतो. आणि पॅनल ३० तारखेला लाइन तोडणार असेल तर '३ मे पर्यंत भरा' हे पावतीवर लिहून उपयोग नाही; आधी पॅनलमध्ये तेवढी सवलत द्या.

अर्धे पैसे आले तर पावती द्या, पण `C` मधला आकडा वाढवू नका. ५८९ पैकी ३०० आले तर 'मिळाले ३००, बाकी २८९' आणि पुढील बिल तारीख आहे तीच. पूर्ण रक्कम झाल्यावरच महिना एकाने वाढतो. ग्राहकाने सोपं पडतं म्हणून ६०० पाठवले तर ११ रुपये जमा दाखवा आणि पुढील बिलाची रक्कम ५७८ लिहा. हे अकरा रुपये पावतीवर दिसले की ग्राहक पुढच्या वेळी निर्धास्तपणे पैसे पाठवतो.

जीएसटी नोंदणी असलेल्यांनी एवढं सांभाळावं की ही पावती म्हणजे कर बीजक नव्हे. मेडिकल दुकानासारख्या ग्राहकाला कराची वजावट घ्यायची असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक असलेलं बीजक वेगळं द्यावं लागतं. सेवेसाठी आगाऊ रक्कम घेताना द्यायच्या पावतीवर काय असावं, हे सीजीएसटी नियम ५० मध्ये दिलं आहे. तुमचा नमुना त्याला धरून आहे ना, एवढं आपल्या कर सल्लागाराकडून एकदा पाहून घ्या.

चुकलेली पावती परत कशी घ्यायची

जुनी पावती पुसायची नाही आणि तोच क्रमांक पुन्हा वापरायचा नाही. शीटमध्ये तिच्यासमोर 'रद्द' लिहा आणि नव्या क्रमांकाची पावती द्या. ग्राहकाच्या फोनमध्ये जुनी प्रतिमा राहणारच आहे; सहा महिन्यांनी तो तीच दाखवेल, तेव्हा कोणती खरी हे क्रमांकावरूनच ठरेल. सोबतचा मेसेज छोटा आणि सरळ असावा:

> नमस्कार. पावती क्र. ४३० वर पुढील बिल तारीख २५ मे अशी चुकून आली होती. बरोबर तारीख ३१ मे आहे. ती पावती रद्द केली असून दुरुस्त पावती क्र. ४३८ सोबत पाठवत आहोत. आपल्याला वेगळे काही करायचे नाही.

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं की ग्राहकाला पुन्हा पैसे भरायचे का अशी शंका येते आणि फोन येतोच.

सगळी यादी नव्या पद्धतीवर आणल्यावर मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक तपासणी जरूर करा. रिकाम्या रकान्यात `=DAY(B2)` टाका, २९, ३० आणि ३१ आलेल्या ओळी वेगळ्या काढा आणि फेब्रुवारीत दिलेल्या त्यांच्या पावत्यांवर पुढील तारीख काय गेली आहे ते एकेक पाहा. मार्चमधल्या तारखा मूळ दिवसावर परतलेल्या दिसल्या तर सूत्र नीट चालतं आहे. एखादी २८ वरच असेल तर त्या ओळीत कुणीतरी सूत्राच्या जागी तारीख हाताने टाइप केली आहे. वरच्या ओळीतलं सूत्र खाली ओढा आणि त्या ग्राहकाला दुरुस्त पावती त्याच दिवशी पाठवा.